चॅट इंटरफेसचे मूल्यमापन

चॅट इंटरफेसचे मूल्यमापन म्हणजे संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या स्क्रीनची रचना वाचकाला संभाषणाचा अर्थ बरोबर पोहोचवते की नाही, याची पद्धतशीर तपासणी होय. संदेश पोहोचला का, तो सुरक्षित आहे का, हे प्रश्न या तपासणीत येत नाहीत. येथे चार गोष्टी पाहिल्या जातात. एकाच व्यक्तीचे लागोपाठचे संदेश कसे एकत्र दाखवले जातात, वेळ कोठे व कशी लिहिली जाते, उत्तर मूळ संदेशाला कसे जोडले जाते आणि लांब मजकूर ओळीच्या शेवटी कसा मोडतो. या चारही गोष्टी दिसायला सजावटीच्या वाटल्या तरी त्यांतील चुकीमुळे वाक्याचा अर्थ बदलू शकतो. मराठी मजकुराच्या बाबतीत हा धोका काही ठिकाणी अधिक असतो. कारण मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो, विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जातात आणि जोडाक्षरे अनेक संकेतांनी मिळून बनतात.

## पार्श्वभूमी

उत्तर कोणत्या संदेशाला आहे हे नोंदवण्याची सोय चॅटपेक्षा जुनी आहे. ई-मेलच्या १९८२ सालच्या प्रमाणात त्यासाठी `In-Reply-To` हे स्वतंत्र रकाने ठरवलेले होते. मोबाइलवरील चॅटमध्ये ही सोय पुष्कळ उशिरा आली. टेलिग्रामने २०१५ साली व व्हॉट्सॲपने २०१६ साली मूळ संदेशाचे अवतरण देऊन उत्तर लिहिण्याची सोय केली. कार्यालयीन वापराच्या स्लॅकने २०१७ साली उत्तरांची वेगळी शाखा उघडण्याची पद्धत आणली.

भारतात गृहनिर्माण संस्था, शाळांचे पालकवर्ग व कार्यालये यांचे गट चॅटवर चालू लागल्यावर पूर्वी फळ्यावर लागणाऱ्या सूचना या स्क्रीनवर आल्या. फळ्यावरील सूचनेला दिनांक असे, सही असे आणि ती एका कागदावर पूर्ण वाचता येई. चॅटमध्ये दिनांक, नाव व मजकुराची पूर्णता या तिन्ही गोष्टी इंटरफेसच्या नियमांवर अवलंबून असतात. म्हणून हे नियम तपासावे लागतात.

## नमुना संभाषण

तपासणीसाठी आधी ठरवून लिहिलेले एक संभाषण वापरतात. त्यातील प्रत्येक संदेश एखाद्या विशिष्ट चुकीला उघडे पाडण्यासाठी योजलेला असतो. पुढील नमुना काल्पनिक आहे. ठाणे पश्चिमेतील खोपटसारख्या दाट वस्तीच्या भागात गृहनिर्माण संस्थांच्या गटांत ज्या प्रकारचे बोलणे चालते, त्यावर तो बेतलेला आहे. संदेश १४ जानेवारीच्या रात्री सुरू होतात व १५ जानेवारीच्या सकाळी संपतात.

1. रात्री ११:५१, सचिव: उद्या सकाळी ६ ते दुपारी २ या वेळेत टाकी धुण्याचे काम असल्यामुळे दोन्ही विंगांना पाणी येणार नाही.
2. रात्री ११:५५, सचिव: सर्वांनी पाणी भरून ठेवावे.
3. रात्री ११:५९, सचिव: लिफ्ट दुरुस्तीलाही माणूस येणार आहे. लिफ्ट बंद ठेवावी का?
4. रात्री १२:०३, सचिव: पंपही बंद ठेवावा का, ते कळवा.
5. रात्री १२:०४, सदनिका ५०१: लिफ्ट बंद करू नका. सकाळी आईला डायलिसिसला न्यायचे आहे.
6. रात्री १२:०५, सदनिका ३०२ (चौथ्या संदेशाला उत्तर): हो, बंद ठेवा.
7. सकाळी ७:१०, सचिव: आजचे काम संध्याकाळी ५ पर्यंत चालेल.

यात पहिले चार संदेश एकाच व्यक्तीचे आहेत, मध्ये मध्यरात्र येते, दोन प्रश्न एकामागोमाग विचारलेले आहेत आणि एक उत्तर दोन्ही प्रश्नांना लागू पडेल असे आहे. पहिल्या वाक्याचा सारा अर्थ त्याच्या शेवटच्या शब्दात आहे.

## संदेशांचे गट

एकाच व्यक्तीने थोड्या थोड्या वेळाने पाठवलेले संदेश एकमेकांजवळ ठेवून नाव व चित्र एकदाच दाखवणे, याला संदेशांचे गट करणे म्हणतात. यामुळे स्क्रीनवरील जागा वाचते आणि सलग बोलणे सलग वाचता येते. गट केव्हा मोडायचा याचा नियम मात्र स्पष्ट असावा लागतो. साधारणतः पाठवणारी व्यक्ती बदलली, दिनांक बदलला, मध्ये ‘न वाचलेले संदेश’ ही रेघ आली किंवा ठरावीक मिनिटे उलटली की नवा गट सुरू होतो.

या मिनिटांच्या मोजणीत एक खोच आहे. मर्यादा पाच मिनिटांची धरली, तरी ती मागच्या संदेशापासून मोजायची की गटातील पहिल्या संदेशापासून, यावर निकाल बदलतो. नमुन्यातील पहिल्या चार संदेशांत प्रत्येकी चार मिनिटांचे अंतर आहे. मागच्या संदेशापासून मोजल्यास कोणतेही अंतर पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. त्यामुळे चारही संदेश एका गटात जातात आणि गट बारा मिनिटे लांबतो. असा गट तत्त्वतः तासभरही लांबू शकतो. पहिल्या संदेशापासून मोजल्यास पहिले दोन एकत्र राहतात. तिसरा आठ मिनिटांनंतरचा असल्यामुळे नवा गट सुरू करतो. चौथा तिसऱ्यापासून चारच मिनिटांवर आहे, पण मध्ये दिनांक बदलल्यामुळे तोही वेगळा पडायला हवा.

गट लांबल्याचा तोटा तेव्हा दिसतो, जेव्हा इंटरफेस गटाची वेळ फक्त शेवटच्या संदेशाखाली दाखवतो आणि दिनांकाच्या बदलाकडे लक्ष देत नाही. अशा स्क्रीनवर चारही संदेशांखाली ‘१५ जानेवारी, रात्री १२:०३’ एवढेच दिसते. मग पहिल्या संदेशातील ‘उद्या’ हा शब्द १६ जानेवारी दाखवू लागतो. सकाळी उठून गट उघडणारा सदस्य आज पाणी आहे असे समजून चालतो आणि त्याच्या नळाला पाणी नसते. सचिवाने लिहिलेल्या शब्दांत यात काहीही चूक नसते.

तपासताना मर्यादेच्या अगदी अलीकडचा, नेमका मर्यादेवरचा व पलीकडचा असे तीन संदेश पाठवून पाहतात. पाच मिनिटांची मर्यादा असेल तर ४ मिनिटे ५९ सेकंद, ५ मिनिटे आणि ५ मिनिटे १ सेकंद. त्यानंतर गटातील पहिला संदेश खोडून पाहतात. पाठवणाऱ्याचे नाव पहिल्याच संदेशावर असल्यामुळे, गटाची मांडणी पुन्हा केली नाही तर उरलेले संदेश निनावी होतात किंवा वरच्या व्यक्तीच्या नावाखाली गेल्यासारखे दिसतात. हा दोष नेहमीच्या वापरात क्वचित आढळतो, म्हणून तो मुद्दाम शोधावा लागतो.

## वेळेची नोंद

संदेशाला किमान दोन वेळा असतात. एक पाठवणाऱ्याच्या फोनवरची व दुसरी सर्व्हरवर पोहोचल्याची. पारसिकच्या बोगद्यातून जाणाऱ्या गाडीत एखाद्याने संदेश लिहिला आणि त्या वेळी संपर्क तुटलेला असेल, तर तो बाहेर आल्यावर काही मिनिटांनी पोहोचतो. संदेशांचा क्रम फोनच्या वेळेने लावला, तर हा संदेश इतरांच्या वाचून झालेल्या संदेशांच्या वर जाऊन बसतो व कोणाच्याच नजरेस पडत नाही. क्रम सर्व्हरच्या वेळेने लावला तर तो शेवटी दिसतो, पण ‘मी आत्ता निघालो’ यातील ‘आत्ता’ चुकते. समाधानकारक इंटरफेस क्रमासाठी सर्व्हरची वेळ वापरतो आणि दोन वेळांत मोठा फरक असेल तर लिहिल्याची वेळ वेगळी दाखवतो. ही तपासणी घरबसल्या करता येते. फोन विमान-स्थितीत ठेवून संदेश लिहायचा, दुसऱ्या फोनवरून दोन संदेश पाठवायचे आणि दहा मिनिटांनी पहिल्या फोनचा संपर्क सुरू करायचा.

दुसरी बाब वेळेच्या पट्ट्याची. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. फक्त पूर्ण तासांचा हिशेब करणाऱ्या आज्ञावलीत हा अर्धा तास चुकतो, आणि सर्व वेळा नेमक्या तीस मिनिटांनी सरकलेल्या दिसल्या की हे कारण ओळखता येते. संदेशाची वेळ साठवताना जागतिक वेळ साठवावी व दाखवताना वाचकाच्या स्थानिक वेळेत बदलावी, अशी सर्वमान्य पद्धत आहे. पण तिच्यामुळे दिनांकाची रेघ प्रत्येक वाचकासाठी वेगळ्या जागी पडते. नमुन्यातील गटात न्यू जर्सीत राहणारा एखादा सदनिकाधारक असेल, तर जानेवारीत तो भारताच्या साडेदहा तास मागे असतो. पहिले सहा संदेश त्याला १४ जानेवारीच्या दुपारी १:२१ ते १:३५ या वेळेत दिसतात. सातवा संदेशही त्याला १४ तारखेच्याच रात्री ८:४० वाजता मिळतो. त्यातील ‘आजचे काम’ मात्र १५ तारखेचे आहे. येथे इंटरफेसची चूक नाही, तरीही अर्थ निसटतो. म्हणून संदेशावर बोट दाबून धरल्यावर पूर्ण दिनांक, वेळ व पट्टा दिसतो का, हे तपासतात.

तिसरी बाब भाषेची आहे. मराठीसाठी वेळ मांडताना ब्राउझरला पुढील सूचना देता येते.

```
new Intl.DateTimeFormat('mr-IN', {
  hour: 'numeric', minute: '2-digit',
  timeZone: 'Asia/Kolkata'
})
```

मराठीसाठी यातून देवनागरी अंक मिळतात. रोमन अंक हवे असल्यास `mr-IN-u-nu-latn` असे लिहावे लागते. एकाच स्क्रीनवर संदेशांच्या वेळा देवनागरीत व दिनांकाची रेघ रोमन अंकांत असेल, तर दोन्ही ठिकाणी वेगवेगळी सूचना वापरली आहे असे समजावे. बारा तासांच्या पद्धतीत नुसते ‘१२:०३’ हे मध्यरात्रीचे की दुपारचे हे कळत नाही. ‘रात्री’ किंवा ‘दुपारी’ हा शब्द किंवा चोवीस तासांची पद्धत आवश्यक ठरते. दिनांकाच्या रेघेवर ‘आज’ व ‘काल’ हे शब्द चालतात. ‘परवा’ मात्र टाळतात, कारण मराठीत तो मागच्या व पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी वापरला जातो.

## उत्तरांची जोडणी

उत्तर जोडण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत उत्तर मुख्य प्रवाहातच राहते व त्याच्या डोक्यावर मूळ संदेशाचा छोटा उतारा दिसतो. दुसरीत मूळ संदेशाखाली वेगळी शाखा उघडते आणि उत्तरे तिच्यात जातात. लहान गटाला पहिली पद्धत सोपी पडते, कारण कोणतेही उत्तर दडत नाही. अनेक विषय एकाच वेळी चालणाऱ्या मोठ्या गटात दुसरी उपयोगी ठरते. मात्र शाखेत झालेला निर्णय मुख्य प्रवाह वाचणाऱ्याला न कळण्याची शक्यता असते.

नमुन्यातील सहावा संदेश, ‘हो, बंद ठेवा’, हा पंपाच्या प्रश्नाला दिलेला आहे. जोडणी दिसली नाही तर तो पाचव्या संदेशाच्या लगेच खाली येतो आणि लिफ्टबद्दल वाटतो. पाचव्या मजल्यावरच्या कुटुंबाची विनंती कोणीतरी धुडकावली, असा त्याचा अर्थ होतो. सचिवाने तो तसाच घेतला तर सकाळी लिफ्ट बंद असते आणि डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला जिना उतरावा लागतो.

जोडणी तपासताना पुढील चार प्रसंग घडवून पाहतात.

* मूळ संदेश खोडला जातो. उत्तराच्या डोक्यावर ‘मूळ संदेश काढून टाकला आहे’ असे दिसायला हवे. उतारा नुसताच नाहीसा झाला तर उत्तर पुन्हा पोरके होते.
* मूळ संदेश नंतर दुरुस्त होतो. सचिवाने चौथ्या संदेशातील ‘पंप’ हा शब्द बदलून ‘मुख्य दरवाजा’ असा केला, तर आधी दिलेला होकार भलत्याच गोष्टीला लागू होतो. उताऱ्यात जुना मजकूर राहतो की नवा येतो, आणि बदल झाल्याची खूण दिसते का, याची नोंद करतात.
* मूळ संदेश खूप जुना असतो. उताऱ्यावर बोट ठेवल्यावर स्क्रीन त्या संदेशापर्यंत जाते का, तो क्षणभर ठळक होतो का आणि परत खाली येण्याची सोय आहे का, हे पाहतात.
* उत्तर गटात सामील होते. एकाच व्यक्तीचे दोन संदेश जवळजवळ असून दुसरा कोणाला तरी उत्तर असेल, तर गट करण्याच्या नियमाने उताऱ्याची जागा खाऊन टाकता कामा नये.

## लांब मजकूर

### ओळ मोडणे

चॅटमधील संदेश ज्या चौकटीत दिसतो तिला बोलीत फुगा म्हणतात. फुग्याची रुंदी स्क्रीनपेक्षा कमी असते, त्यामुळे ओळी लवकर मोडतात. इंग्रजीत किंवा हिंदीत जे संबंध स्वतंत्र शब्दांनी दाखवले जातात, ते मराठीत नामाला जोडून येतात. ‘महानगरपालिकेच्या’ किंवा ‘कार्यालयांमध्येसुद्धा’ हे त्यामुळे एकसंध शब्द आहेत. फोनवरील अक्षरांचा आकार वाढवला की असा शब्द एका ओळीत मावत नाही. संकेतस्थळाचे लांब पत्तेही असेच न मोडणारे असतात.

वेबवरील इंटरफेसमध्ये यासाठी बहुधा पुढील नियम पुरतो.

```
.message {
  white-space: pre-wrap;
  overflow-wrap: break-word;
  min-width: 0;
}
```

पहिली ओळ लिहिणाऱ्याने दिलेल्या नव्या ओळी जपते. दुसरी ओळ शब्द कोठेही मावत नसेल तरच त्याला मध्ये मोडते. तिसरी नसेल तर लवचिक मांडणीतील फुगा लांब पत्त्यामुळे स्क्रीनबाहेर ताणला जातो. याऐवजी `word-break: break-all` वापरल्यास मावणारे शब्दही ओळीच्या कडेला वाटेल तेथे तुटतात. साध्या वाक्यातही ओळीच्या शेवटी अर्धे शब्द दिसू लागले, की हा नियम लागला आहे हे ओळखता येते.

### जोडाक्षरे

युनिकोडमध्ये ‘दुसऱ्या’ हा शब्द नेहमीच्या टंकनात सात संकेतांचा आहे: द, उकार, स, ऱ, हलन्त, य आणि काना. वाचणाऱ्याला मात्र तीनच अक्षरे दिसतात: दु, स, ऱ्या. हा शब्द पाचव्या संकेतानंतर तोडला तर एका ओळीत ‘दुसऱ्’ उरते आणि पुढची ओळ ‘या’ने सुरू होते, जो मराठीत स्वतंत्र शब्द आहे. युनिकोडच्या अक्षरगट ठरवण्याच्या नियमांत २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम घातला. त्यापूर्वीच्या नियमांवर चालणारी आज्ञावली हलन्तानंतर अक्षर तोडू शकते.

मोजणी बाइटमध्ये होत असेल तर बिघाड आणखी ठळक असतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे ‘दुसऱ्या’ एकवीस बाइटांचा होतो. तोडण्याची जागा तीनच्या पटीत नसेल तर शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन किंवा रिकामी चौकट दिसते.

### संक्षेप

सूचनापट्टीत, गटांच्या यादीत आणि उत्तरावरच्या उताऱ्यात संदेश पूर्ण दिसत नाही. शेवट कापून तेथे तीन टिंबे दिली जातात. नमुन्यातील पहिला संदेश सतरा शब्दांचा आहे. त्यातील सोळा शब्द दाखवून शेवटचा कापला, तर वाचकाला ‘दोन्ही विंगांना पाणी येणार…’ असे दिसते. सूचना नेमकी उलटी होते. इंग्रजीत नकार क्रियापदाजवळ व बहुधा वाक्याच्या पूर्वार्धात येतो, त्यामुळे इंग्रजी मजकुरावर केलेल्या तपासणीत हा दोष सापडत नाही.

म्हणून मराठी इंटरफेसच्या तपासणीत शेवटच्या शब्दाने अर्थ फिरवणारी वाक्ये मुद्दाम ठेवतात: ‘येणार नाही’, ‘करू नका’, ‘गरज नाही’. तीन ठिकाणी निकाल पाहिला जातो: सूचनापट्टी, यादी आणि उतारा. उपाय म्हणून एका ओळीऐवजी दोन ओळी दाखवणे आणि एकदोन शब्दच उरत असतील तर न कापता वाक्य पूर्ण करणे, हे दोन बदल सुचवले जातात. फुग्यातील लांब संदेश ‘अधिक वाचा’ या दुव्यामागे जात असेल, तर तो दुवा वाक्याच्या मध्ये न येता परिच्छेदाच्या शेवटी येणे इष्ट असते.

ओळीची उंचीही येथेच तपासतात. ‘र्कीं’ यासारख्या अक्षराला वर रफार, वेलांटी व अनुस्वार असतो. ‘ठ्ठू’ला खाली पसारा असतो. रोमन लिपीच्या मापाने ठरवलेल्या उंचीत ही चिन्हे वर किंवा खाली छाटली जातात.

## निष्कर्षांची नोंद

आढळलेल्या प्रत्येक दोषासोबत फोनचा प्रकार, अक्षरांचा आकार, स्क्रीनची रुंदी, वापरलेला संदेश आणि दिसलेला परिणाम लिहून ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला तो पुन्हा घडवून पाहता येतो. वेब सुगम्यतेच्या नियमांनुसार ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा सरकवावा लागू नये. म्हणून ही रुंदी किमान मर्यादा धरली जाते. अक्षरे दुप्पट मोठी करून सर्व प्रयोग पुन्हा केले जातात, कारण ज्येष्ठ नागरिक बहुधा तशाच आकारात वाचतात.

दोषाची तीव्रता ठरवण्यासाठी याकोब नीलसन यांची ० ते ४ ही श्रेणी पुष्कळ वापरली जाते. ० म्हणजे दोष नाही आणि ४ म्हणजे प्रसिद्धीपूर्वी दूर करणे अत्यावश्यक. नमुन्यातील दोषांना ती लावल्यास, छाटलेला अनुस्वार २ वर, निनावी झालेला संदेश ३ वर, आणि ‘नाही’ कापणारा संक्षेप ४ वर ठेवता येतो. मध्यरात्री चुकणारा दिनांक व सुटलेली उत्तराची जोडणी यांनाही ४ हीच श्रेणी योग्य ठरते. कारण या तिन्ही ठिकाणी वाचकाला आपण चुकीचे वाचत आहोत याची कोणतीही खूण मिळत नाही.

## मर्यादा

ठरवून लिहिलेल्या संभाषणाने फक्त माहीत असलेले दोष सापडतात. खऱ्या गटात लोक अर्धी वाक्ये लिहितात, रोमन लिपीत मराठी टंकतात, ध्वनिमुद्रित संदेश पाठवतात आणि उत्तर जोडण्याची सोय असूनही ती वापरत नाहीत. सदनिका ३०२ च्या सदस्याने जोडणी न करता नुसतेच ‘हो, बंद ठेवा’ लिहिले, तर उत्तम इंटरफेसही संदिग्धता दूर करू शकत नाही. त्याचप्रमाणे स्क्रीनवाचक वापरणाऱ्या अंध व्यक्तीला गट, वेळ व उतारा कोणत्या क्रमाने ऐकू येतात, हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. त्याची तपासणी स्वतंत्रपणे, अशा वापरकर्त्यांसोबतच करावी लागते.

## हे सुद्धा पहा

* देवनागरी
* युनिकोड
* भारतीय प्रमाणवेळ
* खोपट